पॉकेटमनीचे बारा वाटे: आईचं लेकीला पत्र

मनू,

तुझ्या वहीचं शेवटचं पान बघितलं, रागावू नकोस, ओट्यावर उघडंच पडलं होतं. 1200 रुपयांपैकी 1/2 खाण्याला, 1/3 बस-झेरॉक्सला, 1/4 सेव्हिंगला. दिसायला एकदम मस्त, आणि तरी 24 तारखेला "आई शंभर दे ना" आलंच. तू उधळी नाहीयेस गं, तुझी बेरीज चुकलीये.

सगळ्यात आधी छेद सारखे कर. 2, 3 आणि 4 या तिघांना चालणारा आकडा 12. म्हणजे 6/12, 4/12 आणि 3/12, बेरीज 13/12! वाटे बाराच आणि तू वाटलेस तेरा. 1200 चा बारावा भाग किती, तर बरोब्बर 100 रुपये, तेच तू मागायला आलीस. टक्क्यात बघितलंस तर 50 + 33 + 25, म्हणजे शंभरच्या वर, तिथेच कळतं. म्हणून कुठलाही प्लॅन लिहिलास की आधी बेरीज बघायची, अपूर्णांकात 1 आणि टक्क्यात 100, त्याच्या वर गेली तर पैसे हातात यायच्या आधीच कमी पडलेत असं समज.

मग एक वाटा कापायचा कुठून? सेव्हिंगमधून नाही, तुला तेच सोपं वाटणार ते माहितीये मला. बसचा खर्च अंदाजाने लिहू नकोस, मोज. कॉलेज रोडच्या क्लासला जाऊन-येऊन 20 रुपये, महिन्यात 13 दिवस, झाले 260, झेरॉक्सचे 40 धर, 300. म्हणजे 3/12 पुरतात, तू 4/12 धरले होतेस. आता 6 + 3 + 3 = 12, बसलं! 50%, 25%, 25%.

अजून एक, दिवाळीला आजीने 300 दिले आणि हातात 1500 आले तर बसचे परत 25% काढत बसू नकोस, ते 375 होतील आणि बस काही तुझ्या श्रीमंतीवर भाडं वाढवत नाही. असे ठरलेले खर्च रुपयातच बाजूला काढायचे, 1500 मधून 300 गेले, उरले 1200, आता खाणं आणि सेव्हिंगचे टक्के या उरलेल्या 1200 चे नव्याने लिही, दोघांची बेरीज 100. कशाचे टक्के ते शेजारी लिहीत जा, नाहीतर दोन दिवसांनी तुलाच कळणार नाही.

आणि 15 तारखेला एकदा तपास. खाण्याच्या 600 पैकी समज 420 गेले, तर 420 भागिले 600, म्हणजे 70%. महिना अर्धा आणि पैसे 70%. उरले 180, दिवसाला 12 रुपये, म्हणजे मैत्रिणींबरोबर मिसळ एकदाच, आणि जादा पाव वाटून खायचा.

नवीन पान लिहून फ्रिजवर लाव, 1 तारखेला पैसे तिथूनच बघून देईन.

आई

ता. क. ते जुने शंभर अजून यायचेत हं.