पॅनलवरचं ‘इतर’ बटण पॅरेटो बिघडवतं, त्यावर उपाय

मशीन थांबण्याची कारणं ऑपरेटरकडून भरून घेतली, की पॅरेटोत सगळ्यात उंच खांब बहुधा ‘इतर’चा निघतो. मग तो चार्ट काय कामाचा!

१. थांबल्याची आणि सुरू झाल्याची वेळ पीएलसीलाच नोंदवू द्या. ऑपरेटरने फक्त कारण निवडायचं.

२. दोन मिनिटांपेक्षा मोठ्या थांब्यालाच कारण विचारा. छोटे थांबे नुसते मोजा.

३. पहिल्या स्क्रीनवर सहा-सात गटांची बटणं ठेवा: यांत्रिक, विद्युत, टूल बदल, माल नाही वगैरे. गट दाबला की त्यातली नेमकी कारणं दिसावीत.

४. कोड तीन अंकी द्या, शतकाचा अंक म्हणजे गट. 204 सेन्सर, 207 मोटर ट्रिप. 100 ने भागून पूर्णांक घेतला की दोन्ही गट 2, विद्युत. एक्सेलमध्ये:

```
=INT(A2/100)
```

पॅरेटो आधी गटांच्या मिनिटांवर काढा, मग सर्वांत मोठ्या गटातल्या कोडांवर.

कारण भरल्याशिवाय मशीन सुरूच होऊ नये असं इंटरलॉक मात्र लावू नका. घाईत यादीतलं पहिलंच बटण दाबलं जातं. शंका आली तर बटणांचा क्रम बदलून पाहा. आकडे जागेबरोबर सरकले तर नोंदी खोट्या आहेत. त्यापेक्षा राहिलेली कारणं यादीत साठवा आणि पाळी संपण्याआधी भरून घ्या.