सुपरव्हिजनचा चार्ट लावताना या चुका टाळा: ड्युट्या सगळ्यांना सारख्या, पण स्वतःच्या विषयाच्या पेपरला कुणी नको

तासगाव भागातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी परीक्षा विभाग बघतो. सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट आहे, अकरावीच्या वार्षिक परीक्षेला फिजिक्सच्या पेपरला एक सर आले नाहीत, एसटी चुकली, आणि घाईत मी फिजिक्सच्याच सरांना एका ब्लॉकवर पाठवलं. म्हणलं तीन तासांचा तर प्रश्न आहे. सर एकदम सरळ माणूस, कुणाला कॉपी द्यायचा विषयच नाही. पण एका पोरानं विचारलं की सर या गणितात g ची किंमत 9.8 धरू का 10, आणि सरांनी सांगितलं. ते एवढ्यावर थांबलं नाही, मग दुसऱ्यानं विचारलं, मग पुढचा प्रश्न कसा घ्यायचा ते थोडं समजावलं. पेपर सुटल्यावर बाकीच्या ब्लॉकची पोरं दारात उभी, त्या ब्लॉकला सांगितलं मग आम्हाला का नाही. आणि त्यांचं बरोबर होतं.

म्हणून आधी हे डोक्यात पक्कं करा, विषयाचा शिक्षक ब्लॉकवर नको याचं कारण फक्त कॉपी नाही. विषय येणाऱ्या माणसाला पोरगं अडलेलं दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि एका ब्लॉकला मिळालेली मदत दुसऱ्याला मिळत नाही. शिवाय पेपरमध्ये छपाईची चूक निघाली तर तोच शिक्षक परीक्षा विभागात मोकळा बसलेला पाहिजे, म्हणजे काय दुरुस्ती सांगायची ती एकदाच ठरते आणि सगळ्या ब्लॉकला एकसारखी जाते.

पहिली चूक: पहिल्या दिवसापासून नावं भरत सुटणं

बहुतेक ठिकाणी चार्ट असाच लागतो. सिनिऑरिटीची यादी घ्यायची, पहिल्या पेपरला वरची नऊ नावं, दुसऱ्याला पुढची, यादी संपली की परत वरून. तीन दिवस छान जातं आणि चौथ्या दिवशी अडतं, कारण जी माणसं उरलीत त्यातली निम्मी त्याच विषयाची असतात. मग खोडाखोड, मग स्टाफरूममध्ये कुरबुर.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, आकडे सोपे घेतलेत. अकरावीची 240 मुलं, सायन्स 120, कॉमर्स 60, आर्ट्स 60. घरच्या परीक्षेला एका ब्लॉकला 30 मुलं धरू (बोर्डाला 25 चा ब्लॉक असतो). म्हणजे 8 ब्लॉक आणि रोज एक रिलिव्हर, झाली 9 माणसं. सहा दिवस, रोज एकच पेपर:

1. इंग्रजी, सगळ्यांना
2. मराठी आणि हिंदी एकाच वेळी
3. फिजिक्स, पुस्तपालन, इतिहास
4. केमिस्ट्री, वाणिज्य संघटन, राज्यशास्त्र
5. गणित, अर्थशास्त्र
6. बायोलॉजी, एसपी, भूगोल

गणित आणि बायोलॉजीला काही मुलं नसतात म्हणून त्या दोन दिवशी 7 ब्लॉक आणि रिलिव्हर धरून 8 माणसं. एकूण ड्युट्या किती, तर 9 चोक 36 आणि 8 दुणे 16, मिळून 52. शिक्षक 16, परीक्षा विभाग बघणारा सोडून. इंग्रजी 2, मराठी 1, हिंदी 1, फिजिक्स 2, केमिस्ट्री 2, गणित 2, बायोलॉजी 1, कॉमर्स 2, अर्थशास्त्र 1, इतिहास 1, भूगोल 1. 52 भागिले 16 म्हणजे सव्वातीन, म्हणजे बारा जणांना 3 आणि चौघांना 4. यापेक्षा समान होऊच शकत नाही, हे स्टाफ मीटिंगमध्ये आधीच सांगून टाका.

आता एकही नाव टाकायच्या आधी रोज किती माणसं मोकळी आहेत ते मोजा. सगळ्यांना वाटतं इंग्रजीचा दिवस अवघड, कारण सगळी मुलं एकच पेपर देतात. पण इंग्रजीला फक्त दोघं बाद होतात, 14 उरतात, लागतात 9. खरी अडचण तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी आहे. फिजिक्सचे दोघं, पुस्तपालनवाले एक, इतिहासाच्या मॅडम, असे चार बाद, उरले 12. चौथ्या दिवशी पण तसंच, केमिस्ट्रीचे दोघं, वाणिज्य संघटनवाले एक आणि राज्यशास्त्र पण घेणाऱ्या त्याच इतिहासाच्या मॅडम बाद, उरले 12. म्हणजे त्या दोन दिवशी हातात फक्त तीन माणसं जादा, बाकी सगळ्या दिवशी पाच.

त्यामुळं भरायला सुरुवात तिसऱ्या आणि चौथ्या दिवसापासून करायची. केमिस्ट्रीचे दोघं आणि वाणिज्य संघटनवाले चौथ्या दिवशी बाद आहेत, म्हणून त्यांना तिसऱ्या दिवशी घ्या. फिजिक्सचे दोघं आणि पुस्तपालनवाले तिसऱ्या दिवशी बाद, त्यांना चौथ्या दिवशी. प्रत्येक दिवशी अजून सहा माणसं लागतात, ती उरलेल्या नऊ जणांतून येतात, म्हणजे नवातल्या तिघांना दोन्ही दिवस लागणार आणि सहा जणांना एकेक. ज्या तिघांना दोन्ही दिवस लागले त्यांना बाकीच्या चार दिवसांत एकच द्यायची. हे दोन दिवस बसले की बाकीचा चार्ट अर्ध्या तासात होतो, खरंच.

दुसरी चूक: विषय नेमणुकीवरून धरणं

वरच्या उदाहरणात इतिहासाच्या मॅडम राज्यशास्त्र पण शिकवतात. यादीत त्यांच्यापुढं नुसतं इतिहास लिहिलेलं असतं, आणि मग राज्यशास्त्राच्या दिवशी त्या आर्ट्सच्याच ब्लॉकवर सापडतात. तसंच कॉमर्सचे एक सर पुस्तपालन आणि एसपी दोन्ही घेतात, ते तिसऱ्या आणि सहाव्या, दोन दिवशी बाद. बंदीची यादी काढायची ती या वर्षीच्या वर्कलोडवरून, म्हणजे टाइमटेबल समोर ठेवून कोण कुठला तास घेतोय ते बघून. त्यातच अजून एक कॉलम ठेवा, स्वतःचा मुलगा, मुलगी, पुतण्या परीक्षेला बसलाय का. आपल्याकडं गावातलंच कॉलेज असतं, असं दरवर्षी एखादं निघतंच.

आणि अशा दोन दिवस बाद असलेल्या माणसांवर आधी लक्ष ठेवा. मॅडमना चारच दिवस मोकळे. पहिल्या दोन दिवशी त्यांना घेतलं नाही तर पुढं पाचवा आणि सहावा एवढेच उरतात, मग त्यांच्या 2 च ड्युट्या होतात आणि लोक म्हणतात मॅडमना सवलत दिली. त्यांनी मागितलेली नसते, चार्टनं दिलेली असते. ऐकून घ्यावं लागतं मात्र त्यांना.

तिसरी चूक: एक्सेलमध्ये बंदीवरच ड्युटी टाईप करणं

ही मी दोन वर्षं केली. एकाच शीटवर बाद असलेल्या घरात X टाकायचो आणि ड्युटीला 1. घाईत X वर 1 पडला की X गेला, आणि नंतर बघणाऱ्याला कळतच नाही की इथं बंदी होती. म्हणून दोन शीट करा, एकाचं नाव Ban आणि एकाचं Duty, दोन्हीत शिक्षक त्याच ओळीत आणि दिवस त्याच कॉलममध्ये. वरच्या उदाहरणात 16 शिक्षक 5 ते 20 ओळीत आणि सहा दिवस C ते H मध्ये. Ban मध्ये फक्त X, तिथं एकदा भरलं की हात लावायचा नाही. Duty मध्ये ब्लॉकला 1 आणि रिलिव्हरला R. मग C5 ते H20 च्या बाहेरच्या कुठल्याही रिकाम्या घरात हे टाका:

```
=SUMPRODUCT((Duty!C5:H20<>"")*(Ban!C5:H20="X"))
```

उत्तर 0 च पाहिजे. 1 आलं तर कुणीतरी स्वतःच्या विषयावर बसलंय. माणसाच्या एकूण ड्युट्या आणि दिवसाचे ब्लॉक मोजायला Duty शीटवरच हे दोन:

```
=COUNTIF(C5:H5,1)+COUNTIF(C5:H5,"R")
=COUNTIF(C5:C20,1)
```

पहिल्याचं उत्तर 3 किंवा 4, दुसऱ्याचं त्या दिवसाचे ब्लॉक. एक जपा, Duty च्या घरात नुसती स्पेस पडली तरी वरचा फॉर्म्युला ते भरलेलं धरतो, म्हणून पुसायचं ते डिलीट बटणानं.

रिलिव्हर पण ड्युटीतच मोजायचा का यावर दरवर्षी वाद होतो. माझं मत, मोजायचा, तीन तास तो पण अडकलेलाच असतो. पण सहा रिलिव्हर सहा वेगळ्या माणसांना द्या. एकाच ज्येष्ठ सरांना तीनदा रिलिव्हर आणि नवीन पोराला चार वेळा ब्लॉक, आकडा जवळजवळ सारखा दिसतो पण ब्लॉकवर तीन तास उभं राहणारा वेगळा.

चौथी चूक: व्हरांड्यात झालेली अदलाबदल

चार्ट बरोबर लागला तरी मोडतो इथं. लग्न असतं, दवाखाना असतो, दोघं आपसात ठरवतात की तू माझी घे मी तुझी घेतो, आणि केमिस्ट्रीचे सर बदलीत नेमके केमिस्ट्रीच्या दिवशी येतात. अडवायचं नाही कुणाला, गरज असतेच, फक्त बदली आदल्या दिवशी परीक्षा विभागात लिहून द्यायची आणि शीटवर टाकून 0 आला तरच होय म्हणायचं. फोनवर होय म्हणू नका, फोनवर X दिसत नाही.

त्याच्यासाठी रोजची राखीव नावं चार्टवरच छापा. तिसऱ्या दिवशी राखीव तीनच आहेत हे आपल्याला माहीत आहे, तर त्या तिघांची नावं खाली लिहा आणि त्यांना पेपरच्या अर्धा तास आधी हजर राहायला सांगा. तिघंही संपले आणि चौथा गैरहजर निघाला तर? मग हायस्कूलचा एखादा शिक्षक मागा, नाहीतर रिलिव्हरला ब्लॉकवर घाला आणि चहापाण्याच्या वेळी स्वतः फिरा. फिजिक्सच्या सरांना आर्ट्सच्या ब्लॉकवर बसवू, तिथं इतिहास चाललाय, असं पण सुचतं, आणि घरच्या परीक्षेत अगदी शेवटचा उपाय म्हणून ते चालेल, पण पेपरच्या चुकीसाठी मग कोण मोकळं राहणार ते आधी बघा, दोघांतला एक तरी परीक्षा विभागात पाहिजे. आणि बैठक व्यवस्था मिसळून केली असेल, म्हणजे एका बाकावर एक सायन्सचा आणि एक आर्ट्सचा, तर ही वाट बंद, कारण तिथं प्रत्येक ब्लॉकमध्ये फिजिक्सचा पेपर आहे. बऱ्याच जणांना हे पेपर वाटायला लागल्यावर लक्षात येतं. म्हणून बैठक व्यवस्था आधी बघा आणि मग चार्ट लावा.

परीक्षा संपली की प्रत्यक्ष कुणी किती केल्या ते भरून ठेवा, छापलेला चार्ट नाही, सहीच्या रजिस्टरवरून. ज्या चौघांना 4 लागल्या त्यांची नावं पुढच्या प्रिलिमच्या शीटवर वरती लिहा आणि तिथं त्यांना कमी ड्युटीत पहिल्यांदा बसवा. गेल्या वेळी आमच्याकडं त्यातले दोघं केमिस्ट्रीचे होते, पुढच्या परीक्षेचा चार्ट लागला तेव्हा त्यांनी स्वतः येऊन शीटवर आपलं नाव बघितलं, 3 होतं, आणि काही न बोलता गेले.