कळ्या गळताहेत? फवारणीआधी या चुका टाळा

जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या, की आपला हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. खान्देशात एप्रिल-मे महिन्यात, पारा ४२-४३च्या पुढे गेला की, ही घाई हमखास होते. त्या दिवसांत बऱ्याच कळ्या किडीमुळे नव्हे, पाण्यामुळे गळतात. पानांवर भर उन्हात तेलकट औषध मारलं, तर ती करपतात ते वेगळंच.

दुसरी चूक म्हणजे फक्त गळून पडलेल्या कळीचा फोटो पाहून निदान करणं. मला तीन फोटो लागतात: उभी चिरलेली कळी, शेंड्याकडची पानाची बेचकी अगदी जवळून, आणि कुंडीतली माती.

जळगावच्या एका ताईंनी गच्चीवरच्या जास्वंदीचे फोटो पाठवले. सोबत निरोप होता, "पिठ्या ढेकूण आलाय, औषध सांगा." पानांवर पांढरे ठिपके खरोखर होते, पण ते पानभर विखुरलेले होते. बेचकीत, कळीच्या देठाशी कापसासारखं काहीच दिसत नव्हतं, मुंग्या नव्हत्या, पान चिकट नव्हतं. पिठ्या ढेकूण सहसा असा उघड्यावर बसत नाही, तो बेचकीत आणि कळीच्या हिरव्या पाकळ्यांआड लपतो. मी ताईंना ओल्या बोटाने ठिपका घासायला सांगितला. तो खरखरीत लागला. बोअरच्या जड पाण्याचे क्षार होते ते. पिठ्या ढेकूण असता, तर चुरगळताच ओलसर चिकट डाग पडला असता.

कुंडीच्या फोटोत काळी माती वर भेगाळलेली दिसत होती. "वर कोरडी म्हणून दोन वेळा पाणी घालते," असं ताई म्हणाल्या. बोट दोन इंच खाली घातल्यावर माती चिकट, ओली निघाली. खालची पानं पिवळी, कळ्या आधी पिवळ्या होऊन गळणाऱ्या. हे लक्षण जास्त पाण्याचं. भेगा पडलेली काळी माती फसवते, म्हणून तपासायचं आतून. पाणी थांबवलं, कुंडीचं बुजलेलं भोक मोकळं केलं, दुपारी सावली दिली. नंतर बोट दोन इंचांवर कोरडं निघेल तेव्हाच सकाळी पाणी.

फुलकिडे मात्र चिरलेल्या कळीतच कळतात. गुलाबात तर कळी बहुधा गळतही नाही. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात आणि कळी अर्धवट उमलून अडते. पांढऱ्या कागदावर कळी झटकावी. बारीक, लांबट किडे सरकताना दिसले, तर करपलेल्या कळ्या तोडून पिशवीत बंद कराव्यात, कुंडीत टाकू नयेत, कारण फुलकिड्यांची एक अवस्था मातीतच पुरी होते. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारावं, आठवड्याने पुन्हा, असं तीनदा. बंद कळीच्या आतल्या किड्यापर्यंत फवारा पोचत नाही, त्यामुळे एका फवारणीत गुण न आल्यास औषध बदलू नये.