नोटिसीच्या फोटोतला एक आकडा

म्हापशाच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसतो. जून-जुलैत मोबाइलवर नोटिसांचे फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "सर, मी बसते काय?" या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी यंदाचीच एक गोष्ट सांगतो.

पेडण्याकडच्या एका मुलीने फोटोबरोबर माहिती दिली होती: बारावी कॉमर्स, गोवा बोर्ड, 76 टक्के, ओबीसी, वडील खासगी बसवर कंडक्टर, पगार महिना 18 हजार, आई काजूच्या कारखान्यात, महिना 6 हजार. फोटो काचेच्या फलकाचा होता. ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा मधोमध, वरचं शीर्षक अर्धं आणि खालची कडा कापलेली. उत्पन्नाच्या ओळीत ".50 लाख" स्वच्छ दिसत होतं. त्याच्या आधीचा आकडा नेमका उजेडाखाली गेलेला.

आधी तिचं उत्पन्न काढलं. वडिलांचे वर्षाचे 2,16,000 आणि आईचे 72,000, मिळून 2,88,000. मुलं बहुतेक वेळा वडिलांचाच पगार लिहितात. ही निदान दोघांचा सांगत होती. इथे अडलं, कारण ओबीसींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीची मर्यादा 2.50 लाख आहे आणि कॉलेज-विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय योजनेची 4.50 लाख. दोन्ही ".50". एकीत ती 38 हजारांनी बाहेर, दुसरीत आरामात आत.

पूर्वीचा मी असतो तर अंदाजाने 2.50 धरून "नाही" म्हटलं असतं. आता न दिसणारा आकडा मी आजूबाजूच्या ओळींवरून ताडून बघतो. गुणांच्या ओळीत "80" आणि पुढे "पर्सेंटाइल" होतं. ती अट केंद्रीय योजनेची, म्हणजे मर्यादा बहुधा 4.50. तरी "बहुधा"वर दाखले काढायला कोणाला मामलेदार कचेरीत पाठवत नाही. तिला म्हटलं, "बाय, फलकाच्या बाजूला उभी राहून तिरका फोटो काढ, वरचं शीर्षक आणि खालची कडा दोन्ही येऊ देत." दुसऱ्या फोटोत 4.50 लख्ख दिसलं. वर योजनेचं नाव आणि वर्षही चालू. मागच्या वर्षीची नोटीस फलकावर तशीच राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे.

आता गुण. "80 हवेत, मला 76, म्हणजे गेलंच ना?" असं तिने आधीच धरलं होतं. पण 80 पर्सेंटाइल म्हणजे 80 टक्के नव्हे. आपल्या बोर्डाच्या त्या वर्षीच्या, आपल्याच शाखेच्या उत्तीर्ण मुलांत तुम्ही वरच्या पाचव्या हिश्श्यात आहात का, एवढंच त्यात बघतात. समजा, कॉमर्सचे 5,000 उत्तीर्ण झाले, तर साधारण पहिल्या हजारांत नाव लागतं. निकाल सैल असेल तर त्यासाठी 85 टक्केही कमी पडतील, कडक असेल तर 76 पुरतील. एकट्या गुणपत्रिकेवरून ते ठरत नाही, बोर्डाची यादीच बघावी लागते. म्हणून गुणांपुढे मी "बोर्डाकडे बघायचं" असं लिहिलं. हा तिसरा रकाना माझ्या वहीत कायमचा आहे: बसतं, बसत नाही, अजून कळलेलं नाही. नवी माणसं पहिल्या दोनांतच सगळं कोंबतात.

राहिला प्रवर्ग. तिने विचारलं, "सर, माझ्याकडे नॉन-क्रिमी लेअर आहे, मग उत्पन्नाचा दाखला कशाला?" हीच चूक माझ्या हातून पहिल्या वर्षी झाली होती. एका मुलाचा तो दाखला बघून मी पोस्ट मॅट्रिकचा अर्ज भरायला लावला आणि अर्ज परत आला. त्या दाखल्याची रेघ 8 लाखांवर आहे, आणि ती मोजताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीत पगार धरतात. त्यामुळे नॉन-क्रिमी लेअर असलेला माणूस 2.50 लाखांच्या कितीतरी वर असू शकतो. शिवाय केंद्रीय योजना सगळ्याच प्रवर्गांना खुली आहे. ओबीसी असल्याने फक्त 27 टक्के राखीव जागांत नाव धरलं जातं. पोस्ट मॅट्रिकमध्ये मात्र प्रवर्ग नसेल तर दारच बंद.

दुसऱ्या फोटोत कापलेली कडाही आली. तिथे बारीक अक्षरात होतं की दुसरी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ही मिळणार नाही, आणि कोर्स नियमित हवा, पत्राद्वारे चालणार नाही. बीकॉमला तिने नियमित प्रवेश घेतला होता. दुसऱ्या शिष्यवृत्तीबद्दल विचारलं तर म्हणाली, "गावच्या मंडळाने एकदाच वह्यांना पैसे दिले, ते धरतात?" ती शिष्यवृत्ती नव्हे, असं मी सांगितलं.

तिला शेवटी पाठवलेला निरोप असा होता: "उत्पन्न बसतं, दोघांचं मिळून दाखला काढ. प्रवर्ग बसतो, जातीचा दाखला जोड. गुणांचं बोर्डाच्या यादीवर आहे, यादी लागली की नाव शोध आणि मला कळव. शेवटची तारीख नोटिशीत खालून दुसऱ्या ओळीत आहे."


तिचं उत्तर आलं, "आईचा पगार हातात रोख मिळतो सर, दाखल्यात लिहायचा?" लिहायचाच.