नडगी दुखतेय? आधी बोटाने दाबून बघा

नुकतंच धावायला लागलात आणि नडगीची आतली कड दुखतेय, तर पळणं थांबवायचं की नुसतं कमी करायचं?

१. घोट्यापासून वरपर्यंत त्या कडेवर बोट दाबत न्या. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखला आणि चालताना त्रास नसेल, तर पळणं निम्म्यावर आणा. ३ किलोमीटर पळत असाल तर दीड, तेही एक दिवसाआड, १ मिनिट पळून १ मिनिट चालत. चढ-उतार टाळा.

२. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना नडगी बोलली नाही, तर हेच चालू ठेवा. आठवडाभर असं गेलं की थोडं वाढवा. दुखली, तर पळणं बंद. त्याऐवजी सायकल चालवा, ती चालवताना दुखत नसेल तर.

एकाच बिंदूवर बोट टेकताच कळ येत असेल, रात्री ठणकत असेल किंवा लंगडावं लागत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं पूर्ण थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी घेऊन तर अजिबात पळू नका.