मी 41 चुका काढल्या आणि खरी चूक तशीच राहिली

एकमेकांचे निबंध वाचून सूचना द्यायच्या, त्या पीअर रिव्ह्यूचा फॉर्म कुठे असतो, कुणाचा मसुदा कुणाकडे जातो, हे तुम्हाला कळलंच असेल. मी थेट माझ्या फजितीवर येते.

एम.ए.च्या पहिल्या सत्रात माझ्याकडे एका मैत्रिणीचा निबंध आला. विषय महाराष्ट्राची रोजगार हमी योजना, परिच्छेद नऊ. पहिल्याच परिच्छेदात तिचं म्हणणं होतं की ही योजना म्हणजे दुष्काळातली मदत नव्हे, मजुराचा हक्क आहे. मी ट्रॅक चेंजेस चालू केलं आणि पहिल्या ओळीपासून सुटले. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, 'आणि' दोनदा आलाय, वाक्य लांबलंय. 41 दुरुस्त्या झाल्या. शेवटी लिहिलं, 'छान आहे, थोडं विस्कळीत वाटतं.' रात्रीचा दीड वाजला होता आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

तिने सगळ्या दुरुस्त्या एका क्लिकमध्ये स्वीकारल्या. दुसऱ्या फेरीआधी मॅडमनी तिच्या मसुद्यावर तीनच शब्द लिहिले: 'हक्क कुठे आहे?'

मी परत वाचलं. दोन ते चार हे तिन्ही परिच्छेद 1972च्या दुष्काळाच्या वर्णनाचे होते आणि माझ्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या नेमक्या तिथेच होत्या. जे परिच्छेद मुळात तसे राहायलाच नको होते, त्यांचं शुद्धलेखन मी घासूनपुसून लख्ख केलं होतं. त्याहून वाईट म्हणजे इतकं लाल बघून तिला वाटलं, आता निबंध तपासून झाला. शुद्धलेखनाच्या चुका डोळ्यांना आपोआप टोचतात, म्हणून हात तिकडेच जातो. युक्तिवादातलं भोक शोधावं लागतं. शिवाय चुका काढताना आपण एकेक वाक्य वाचत असतो, निबंध वाचतच नसतो.

आता मी पहिलं वाचन हातात पेन न घेता करते. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदासमोर एकच ओळ लिहायची: हा काय म्हणतो? तिच्या निबंधाचं असं निघालं: एक, हक्काचा दावा. दोन, तीन, चार, दुष्काळ. पाच, योजना सुरू झाली. सहा, 1977चा कायदा. सात, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. आठ, कामावरच्या बायका. नऊ, पुन्हा हक्क. ओळी एकाखाली एक वाचल्या की दिसतं, हक्क पहिल्यात उगवतो आणि एकदम नवव्यात मावळतो. कायद्याच्या परिच्छेदात मात्र एक वाक्य दडलेलं होतं: काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत दिलं नाही, तर बेकारी भत्ता. तिचा सगळा पुरावा तोच, आणि तिने तो जाता जाता सांगून टाकला होता.

मग मी लिहिलं: 'पहिल्या परिच्छेदात तू हक्क म्हणतेस. पुढचे तीन वाचताना मी त्याचीच वाट बघत होते, तो सहाव्यात सापडला, तोही एका वाक्यात. पंधरा दिवसांची अट हाच मला तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटला. तो वर आणून सविस्तर लिहिलास तर? दुष्काळ एका परिच्छेदात बसेल का?' तिचं एकही वाक्य मी माझ्या शब्दांत लिहून दिलं नाही. एवढी एक कॉमेंट आणि आणखी दोन लहान. शुद्धलेखनाबद्दल एकच ओळ: 'अनुस्वार शेवटी एकदा बघून घे.'

'विस्कळीत' हा शब्द तर लिहूच नका. तो वाचून समोरच्याने उद्या सकाळी नक्की काय करायचं? कुठल्या परिच्छेदात अडकलात, तिथे काय अपेक्षा होती आणि त्याऐवजी काय मिळालं, ते सांगा. सीनियर्सकडून तयार कॉमेंट्सची जी फाइल फिरते, ती मीही वापरून पाहिली आहे. कुठल्याही निबंधावर चिकटते, म्हणूनच कुणाच्या कामाची नाही. आणि आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड असं लिहा म्हणणारे मार्गदर्शक मला पटत नाहीत; मी स्वतः असल्या कॉमेंटमधलं गोड तेवढं वाचलं आहे.

विषय आपल्याला येत नाही ही भीती मात्र सोडा. मलाही रोजगार हमीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कुठे हरवलो, हे सांगायला विषयाचं ज्ञान लागत नाही. काय कापायचं, हे सांगायला कदाचित लागतं. कारण दुष्काळ एका परिच्छेदात बसवायला तिने नकार दिला. म्हणाली, 'अगं, दुष्काळी कामं सरकारने काढली तरच निघायची. कायद्यानंतर मजूर मागू शकतो. आधीचं दाखवलंच नाही तर फरक कसा कळणार?' तिने दुष्काळाचे दोन परिच्छेद ठेवले, पण त्यातली कोरड्या विहिरींची वर्णनं काढून कामं कोण काढतं ते घातलं. मी सुचवलं होतं त्याहून ते चांगलं झालं, आणि त्यात दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या होत्या.