आलेख बोलून दाखवताना ‘बाय’ आणि ‘टू’ची गल्लत : या चुका टाळा

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि आसपासच्या कारखान्यांत आपली बरीच मराठी मुलं कामाला आहेत. घरी मराठी, बाजारात गुजराती आणि महिन्याच्या बैठकीत इंग्रजी, अशा तीन भाषा ती रोज सांभाळतात. त्यांची सादरीकरणं मी सतत ऐकतो. आलेख नीट काढलेले असतात, रंगही छान असतात, पण तोंड उघडलं की तीच ती गल्लत होते.

सगळ्यात महाग पडणारी चूक आधी घेतो. एका कारखान्यात एक मुलगा व्हॉल्व्हच्या ओतकामाचा रिजेक्शन दर मांडत होता. एप्रिलमध्ये दर १०० नगांमागे ४ नग बाद होत होते, जूनमध्ये ६. तो म्हणाला, “रिजेक्शन इन्क्रीज्ड बाय टू परसेंट.” निर्णय घेणारे साहेब त्या दिवशी पुण्याहून फोनवर होते, पडदा त्यांना दिसत नव्हता. त्यांनी ऐकलं ते असं : जितके नग बाद होत होते, त्यात २ टक्के भर पडली, म्हणजे दर ४ वरून ४.०८ झाला. एवढ्याशासाठी भट्टी कोण थांबवणार? विषय पुढच्या महिन्यावर गेला. प्रत्यक्षात महिन्याला ५,००० नग निघत होते. बाद नग २०० वरून ३०० वर गेले होते, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढले होते. साच्यांच्या वाळूत ओल जास्त होती हे शोधायला त्यामुळे आणखी एक महिना गेला.

मुलाचे आकडे खोटे नव्हते. पण आलेखाच्या उभ्या अक्षावर मुळातच टक्के असतील, तर त्यांतल्या फरकाला ‘परसेंट’ म्हणून चालत नाही. तो फरक ‘टू परसेंटेज पॉइंट्स’ असतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा कपात ‘२५ बेसिस पॉइंट्स’ची सांगितली गेली. १०० बेसिस पॉइंट्स म्हणजे १ परसेंटेज पॉइंट, आणि अशा शब्दांत सांगितलं की पाव टक्का नेमका कशाचा, ही शंका उरत नाही.

मी मुलांना सोपी सवय लावतो. टक्क्यांचा आलेख असेल तर दोन्ही टोकं बोलायची : “रोज फ्रॉम फोर परसेंट टू सिक्स परसेंट.” आणि लगेच नग सांगायचे : “फ्रॉम टू हंड्रेड पीसेस टू थ्री हंड्रेड.” पडदा न दिसणाऱ्यालाही मग चित्र कळतं.

याच चुकीची सख्खी बहीण म्हणजे ‘बाय’ गाळणं. “सेल्स रोज टू परसेंट.” यातला ‘टू’ म्हणजे दोन, की ‘पर्यंत’? लिहिलेलं असलं तर कळतं, ऐकताना नाही. ज्यांची इंग्रजी जन्मापासूनची आहे ते ‘पर्यंत’ या अर्थाचा टू अगदी हलका, जवळजवळ ‘ट’ असा उच्चारतात आणि आकड्यावर जोर देतात. आपण दोन्ही सारख्याच जोराने म्हणतो. म्हणून वाढीचा फरक सांगायचा असेल तर ‘बाय’ सोडूच नका.

गंमत नाही, खरंच सांगतो : मराठीत बोलताना ही चूक आपल्याकडून होत नाही. “विक्री ४० लाखांवरून ५० लाखांवर गेली, म्हणजे १० लाखांनी वाढली.” ‘वरून’ला फ्रॉम, ‘वर’ला टू, ‘नी’ला बाय. वाक्य आधी मनात प्रत्ययांसकट मराठीत म्हणा आणि मगच इंग्रजीत आणा. घाईची मुलं “१० लाख वाढली” असं प्रत्यय गिळून म्हणतात आणि तिथूनच इंग्रजी वाक्य लंगडं होतं.

दुसरी चूक मला तितकीच खुपते. आलेख विक्रीचा नसतो, विक्रीच्या वाढीच्या दराचा असतो. तीन वर्षांचे दर १२, ९ आणि ५ टक्के. रेघ खाली येते, आणि पोरं बिनधास्त म्हणतात, “सेल्स फेल.” विक्री पडलेली नसते. पहिल्या वर्षाआधी ती १०० धरली, तर पुढे ११२, मग १२२ आणि मग साधारण १२८ झालेली असते. ती वाढतेच आहे, फक्त हळू. तिथे म्हणायचं, “सेल्स कंटिन्यूड टू राइज, बट मोअर स्लोली,” किंवा “ग्रोथ स्लोड.” महागाईचा दर ६ वरून ४ टक्क्यांवर आला म्हणून भाजी स्वस्त झाली असं कोणी म्हणत नाही, ती आधीपेक्षा सावकाश महागते. म्हणून तोंड उघडण्याआधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. मी प्रत्येक आलेखाचं पहिलं वाक्य तेच ठेवायला लावतो : आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, एकक कोणतं. अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर तेही तिथेच सांगायचं. ९० पासून सुरू होणाऱ्या अक्षावर ९२ ते ९६ ची रेघ डोंगरासारखी दिसते, आणि ‘सोअर्ड’ हा शब्द जिभेवर येतो.

त्या ‘सोअर्ड’, ‘प्लंज्ड’, ‘स्कायरॉकेटेड’च्या याद्या मुलं बैठकीच्या आदल्या रात्री पाठ करतात. मला या आडवाटेचा मनापासून राग आहे. तीस क्रियापदं पाठ असतात आणि ३ टक्क्यांच्या घटीला ‘प्लंज्ड’ म्हटलं जातं. सहा पुरतात : राइज, फॉल, पीक, डिप, रिकव्हर, लेव्हल ऑफ. डिप म्हणजे थोडं खाली जाऊन परत वर येणं. नुसती घट असेल तर डिप नको. लेव्हल ऑफ म्हणजे चढ किंवा उतार संपून रेघ सपाट होणं, सुरुवातीपासून सपाट असलेल्या रेघेला ‘रिमेन्ड स्टेबल’. वेग सांगायला स्लाइटली, स्टेडिली आणि शार्पली एवढे पुरे. स्टेडिली म्हणजे सारख्या गतीने. दर महिन्याला वरखाली होणाऱ्या रेघेला ते लावू नका, तिथे ‘फ्लक्चुएटेड’.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. विक्री आपण होऊन चढते तेव्हा ‘रोज’, कोणी किंमत वाढवली तर ‘रेज्ड’. ‘सेल्स फेल डाउन’ नाही, नुसतं ‘फेल’, आणि ‘फेल्ट’ तर कधीच नाही. “इन मार्च” म्हटलं की ‘फेल’, “सिन्स मार्च” म्हटलं की ‘हॅव फॉलन’. ५० टक्क्यांनी पडून ५० टक्क्यांनी चढलेली विक्री मूळ जागी येत नाही, १०० ची ५० होऊन ७५ वर थांबते, म्हणून “रिकव्हर्ड फुली” म्हणण्याआधी आकडा बघा.

तुलनेत ‘थ्री टाइम्स मोअर’ टाळा. कोणी त्याचा अर्थ तिप्पट घेतो, कोणी मूळ अधिक तिप्पट, म्हणजे चौपट. ‘थ्री टाइम्स ॲज मच ॲज लास्ट इयर’ म्हटलं की वाद उरत नाही. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर हमखास गोंधळतात. तिथे मी “वन फाइव्ह” असे अंक सुटे म्हणायला लावतो.

सराव आरशासमोर करू नका. घरातल्या कोणाला कागद-पेन्सिल द्या, त्यांची पाठ पडद्याकडे ठेवा आणि आलेख बोलून दाखवा. त्यांना रेघ काढू द्या. रिजेक्शनवाल्या त्या मुलाने पुढच्या महिन्यात त्याच्या आईला असंच बसवलं. पहिल्या खेपेला आईने रेघ २ वर नेऊन थांबवली. त्याने वाक्यात ‘फ्रॉम’ घातला, दुसऱ्या खेपेला रेघ ४ वरून निघून ६ वर पोहोचली, आणि तो कागद खिशात घालूनच तो बैठकीला गेला.